औषधी बागेतली पाटी: पांढुर्णा-सौंसरच्या मातीत एका झाडाची चार नावं

पांढुर्ण्यातल्या एखाद्या शाळेच्या औषधी बागेत ‘रुई’ अशी पाटी लावली, तर शेजारी उभी असलेली दोन मुलं ती दोन तऱ्हांनी वाचतील. ज्याच्या घरी मराठी बोलतात त्याला जाड, पांढुरक्या पानांचं, मोडलं की चीक गळणारं झुडूप आठवेल. शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात, तेच हे. सौंसरजवळ जामसावळीचं मोठं हनुमान देवस्थान असल्यामुळे ही माळ या भागात सगळ्यांच्या ओळखीची आहे. ज्याच्या घरी हिंदी बोलतात त्याला मात्र कापूस आठवेल, कारण हिंदीत रुई म्हणजे कापूस आणि त्या झुडपाचं नाव आक किंवा मदार. त्यातून हा पट्टा कापसाचा. सरकी काढलेल्या कापसाला इथला मराठी व्यापारीसुद्धा रुईच म्हणतो, गाठी बांधल्या जातात त्या रुईच्याच. पाटी रंगवणाऱ्याने हिंदी शब्दकोश उघडला आणि खाली इंग्रजीत ‘कॉटन’ लिहून टाकलं, तर त्याच्या हिशेबाने तो चुकलेलाच नसतो. बागेत मात्र विषारी चिकाच्या झुडपावर कापसाचं नाव लागलेलं असतं. हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

हा घोळ पुण्यात किंवा भोपाळमध्ये सहसा होणार नाही. तो इथे होतो, कारण इथे दोन भाषा एकाच लिपीत नांदतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड जुन्या मध्य प्रांतातून निघून मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचे पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलणारे तालुके त्याच्याबरोबर तिकडेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात, शेतात, बाजारात मराठी. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात हिंदी. म्हणून इथल्या बागेतल्या पाटीला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी चारही नावं हवीत, आणि मराठी व हिंदी नावांआधी ‘म.’ आणि ‘हिं.’ अशी खूण हवी. नागपूरच्या पाटीवर ती खूण नसली तरी चालेल. पांढुर्ण्यात ‘म. रुई, हिं. आक’ असं लिहिल्याशिवाय पाटी पुरी होत नाही. ‘बेल’ हा शब्दही असाच आहे. मराठीत तो शंकराला वाहायच्या पानांचा वृक्ष. हिंदीत तो वृक्ष तर आहेच, शिवाय आपण ज्याला वेल म्हणतो तीसुद्धा बेलच. ‘साग’ म्हटलं की मराठी माणसाला लाकूड आठवतं आणि हिंदी माणसाला पालेभाजी.

आता इंग्रजी नावाकडे येऊ, कारण बहुतेक पाट्या तिथेच फसतात. मराठी नाव घ्यायचं, शब्दकोशात त्याच्यासमोरचं इंग्रजी नाव शोधायचं आणि उतरवून घ्यायचं, ही पद्धत सरळ वाटते. पण बोलीभाषेतलं नाव झाडाला लोकांनी दिलेलं असतं, आणि लोक गावागणिक वेगळे. इंग्रजी नावांचंही तसंच. तीही कुठल्यातरी बंदरावरच्या, छावणीतल्या किंवा मळ्यातल्या लोकांनी त्यांना जे साम्य दिसलं त्यावरून दिलेली आहेत. दोन सैल टोकांना गाठ मारली की गाठही सैलच बसते. म्हणून आधी झाडासमोर उभं राहून पान, फूल, फळ पाहून त्याचं शास्त्रीय नाव ठरवायचं आणि मग त्या नावाला मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही नावं वेगवेगळी जोडायची, हा क्रम पाळावा लागतो.

बेलाचंच उदाहरण घ्या. पुष्कळ पुस्तकांत आणि पुष्कळ पाट्यांवर बेलासमोर ‘वुड अ‍ॅपल’ लिहिलेलं सापडतं. तेच नाव कवठासमोरही सापडतं. दोन्ही झाडं काटेरी, दोघांची फळं गोल आणि लाकडासारख्या कडक कवचाची, त्यामुळे ज्या इंग्रजाने जे फळ आधी पाहिलं त्याला त्याने लाकडी सफरचंद म्हटलं. इथल्या शेतकऱ्याला विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे ही दोन्ही झाडं संत्र्याच्या कुळातली आहेत. बेलाचं किंवा कवठाचं पान उजेडाकडे धरलं, तर संत्र्याच्या पानात दिसतात तसेच तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके त्यातही दिसतात. पण दोघांत फरक करायला पान पुरेसं आहे. बेलाचं पान तीन दलांचं, मधलं दल लांब देठाचं. कवठाच्या पानाला बहुधा पाच ते सात दलं, समोरासमोर बसलेली, आणि मधल्या दांड्याला अगदी अरुंद पंख. पिकलेल्या बेलाची साल पिवळट आणि गुळगुळीत, आत नारिंगी गोड गर. कवठाचं कवच राखी आणि खरखरीत, आत तपकिरी आंबट गर, ज्याची आपण गूळ घालून चटणी करतो. शास्त्रीय नावं लिहिली की भांडण मिटतं. बेल म्हणजे एगल मार्मेलॉस आणि कवठ म्हणजे लिमोनिया अ‍ॅसिडिसिमा. मग ‘वुड अ‍ॅपल’ हे नाव कवठाला देऊन टाकावं आणि बेलासमोर ‘बेल फ्रूट’ किंवा ‘बेंगाल क्विन्स’ लिहावं. क्विन्स हे युरोपातलं एक फळ, पोर्तुगीज भाषेत त्याला मार्मेलो म्हणतात. बेलाच्या शास्त्रीय नावातलं ‘मार्मेलॉस’ तिथूनच आलं, आणि पावाला लावायचा मार्मालेड हा मुरंबाही त्याच शब्दावरून आला. आज तो संत्र्याचा करतात. म्हणजे आपल्या बेलाच्या पाटीवर, फिरून फिरून, संत्र्याच्या मुरंब्याचं नाव लिहिलेलं आहे.

तुळशीच्या पाटीबद्दल कोणाला शंका येत नाही, म्हणूनच तिथे चूक सगळ्यांत जास्त वेळ टिकते. पाटीवर ‘तुळस – बेसिल’ असं लिहितात. इंग्रजीत नुसतं बेसिल म्हटलं की ते इटालियन स्वयंपाकातलं बेसिल, म्हणजे आपला सब्जा. उन्हाळ्यात ज्याचं बी भिजवून सरबतात आणि फालुद्यात घालतात, तोच. त्याचं शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम. तुळस वेगळी, तिचं नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि इंग्रजीत ‘होली बेसिल’. दोन्ही एकाच प्रजातीतल्या बहिणी असल्या तरी बागेत शेजारी लावल्या तर लहान मूलही फरक सांगू शकतं. तुळशीच्या खोडावर आणि देठावर बारीक लव असते, पान लहान, कडेला किंचित दातेरी, बहुधा जांभळट छटेचं, आणि चुरगळलं की लवंगेच्या जवळचा तिखट वास येतो. युजेनॉल हे लवंगेतलं द्रव्य तिच्या तेलातही बहुधा भरपूर असतं. सब्जाचं पान मोठं, तुकतुकीत, गुळगुळीत, वास गोडसर बडीशेपेकडे झुकणारा, आणि फुलं पांढरी, तुळशीपेक्षा ठळक. बी भिजवून पाहण्याची परीक्षा मात्र करू नये, कारण या प्रजातीतल्या इतरही झाडांची बी पाण्यात बुळबुळीत होते.

तुळशीच्या शास्त्रीय नावातही एक गमतीचा इतिहास दडलेला आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटॅरम’ या ग्रंथात तिला टेन्युइफ्लोरम, म्हणजे नाजूक फुलांची, असं नाव दिलं. पुढे १७६७ मध्ये त्यानेच तुळशीला सँक्टम, म्हणजे पवित्र, असं दुसरं नाव दिलं. एकाच झाडाची दोन नावं झाल्याचं नंतर ध्यानात आलं, आणि वनस्पतिशास्त्राचा नियम असा की रीतसर प्रसिद्ध झालेलं पहिलं नाव खरं. म्हणून आज वनस्पतिशास्त्रज्ञ टेन्युइफ्लोरम लिहितात, आणि आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात मात्र ऑसिमम सँक्टम हे जुनं नावच रुळलेलं आहे. माझ्या मते बागेच्या पाटीवर आजचं नाव मोठ्या अक्षरात आणि जुनं बारीक अक्षरात, दोन्ही असावीत. वैद्यकीचं पुस्तक वाचून आलेला माणूस आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, दोघांनाही आपलं झाड सापडलं पाहिजे.

तुळशीच्या वाफ्यात आणखी दोन-तीन पाट्या लागतात. हिरव्या पानांची राम तुळस आणि काळसर जांभळ्या पानांची कृष्ण तुळस यांची मराठी नावं वेगळी, पण शास्त्रीय नाव एकच. दोघींना दोन शास्त्रीय नावं शोधत बसू नये, खाली एकच लिहावं. कापूर तुळस मात्र खरोखरच वेगळी आहे. तिच्या पानाला कापराचा स्पष्ट वास येतो आणि तिच्या नावातच आफ्रिकेचा किलिमांजारो पर्वत आहे, कारण ती मूळची पूर्व आफ्रिकेची. आणि ‘रानतुळस’ हे नाव पाटीवर एकटं कधीच लिहू नये. ऑसिममच्याच दोन वेगळ्या झाडांना लोक रानतुळस म्हणतात, आणि परदेशातून येऊन पडीक जमिनीवर माजलेल्या, इंग्रजीत ‘पिगनट’ म्हणवल्या जाणाऱ्या तिसऱ्याच एका उग्र वासाच्या झाडालाही.

ब्राह्मीची गोष्ट सगळ्यांत अवघड. पाट्या लिहिण्याचं काम नव्याने हाती घेणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण या एका झाडात सगळे घोटाळे एकत्र आले आहेत. समजा, बागेत एका ओलसर कोपऱ्यात एक जमिनीलगत पसरणारं झाड आहे आणि माळ्याने सांगितलं की ही ब्राह्मी. महाराष्ट्रात आणि उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी ब्राह्मी म्हणून जे दाखवतात ते मूत्रपिंडाच्या आकाराच्या गोल पानांचं, ज्याला संस्कृतात मंडूकपर्णी म्हणतात, म्हणजे सेंटेला एशियाटिका. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात मात्र ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी, जिला मराठीत नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात, आणि मंडूकपर्णी ही वेगळी नोंद. दोन्ही ओलाव्यात वाढतात, दोन्ही जमिनीवर सरपटतात, दोन्ही बुद्धीसाठी घेतात, इतकं साम्य. पण नातं काहीच नाही. सेंटेला कोथिंबीर आणि ओव्याच्या कुळातली, बकोपा इसबगोलाच्या कुळातली.

ओळखायला गुडघ्यावर बसावं लागतं. खोडाच्या एकाच पेरातून दोन-तीन लांब देठ वर आले आहेत, प्रत्येकावर एकच गोल पान आहे, पानाच्या कडेला कंगोरे आहेत आणि देठ जिथे जुळतो तिथे पानात खाच आहे, असं दिसलं तर ती सेंटेला. तिची फुलं इतकी बारीक आणि पानांखाली लपलेली असतात की ती बहुतेकांना दिसतच नाहीत. उलट पानं नखाएवढी, जाडसर, रसरशीत, बिनदेठाची, खोडावर समोरासमोर जोडीने बसलेली आणि पाच पाकळ्यांचं फिकट जांभळं किंवा पांढरं फूल स्वतंत्र देठावर उठून दिसत असेल, तर ती बकोपा. तिचं पान चावलं तर चांगलंच कडू लागतं. आता तिसरी शक्यता. पान नाण्यासारखं पूर्ण गोल आहे, खाच मुळीच नाही आणि देठ पानाच्या कडेला न जुळता मधोमध छत्रीच्या दांड्यासारखा जुळला आहे, तर ते हायड्रोकोटाइल. ही शोभेची वनस्पती आहे, पण काही रोपवाटिका ती ब्राह्मी म्हणून विकतात. इंग्रजी नाव इथे मदत करत नाही, उलट गोंधळ वाढवतं. ‘पेनीवर्ट’ म्हणजे नाण्याच्या पानाचं झाड, आणि ते नाव सेंटेलालाही आहे आणि हायड्रोकोटाइललाही.

म्हणून पाटी अशी करावी. गोल, खाचेच्या पानाचं झाड असेल तर ‘म. मंडूकपर्णी, ब्राह्मी’, इंग्रजीत ‘इंडियन पेनीवर्ट’, खाली सेंटेला एशियाटिका. जाड, छोट्या पानांचं असेल तर ‘म. नीरब्राह्मी, ब्राह्मी’, इंग्रजीत ‘वॉटर हिसॉप’, खाली बकोपा मोनिएरी. ‘ब्राह्मी’ हा शब्द दोन्ही पाट्यांवर ठेवावा, कारण लोकांनी तो दोन्ही झाडांना खरोखर दिलेला आहे आणि तो पुसण्याचा अधिकार पाटी लिहिणाऱ्याला नाही. पण त्याच्या आधी फरक सांगणारं नाव आलं पाहिजे. दोन्ही झाडं बागेत मिळवून शेजारी-शेजारी लावली, तर त्या दोन पाट्या एखाद्या धड्यापेक्षा जास्त शिकवतील.

गुळवेलीच्या बाबतीत चूक पाटीपुरती राहत नाही. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. हिंदीत तीच गिलोय. लोकांनी दिसेल त्या वेलीचं खोड तोडलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी असा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये असं सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक ठरू शकते. मूळ वाद वैद्य आणि डॉक्टरांमध्ये अजून आहे, आणि तो पाटीवर सोडवायचा नाही. पण वेल कोणती हे सांगणं हे तर पाटीचंच काम. दोघींची पानं हृदयाच्या आकाराची, म्हणून ‘हार्ट-लीव्ह्ड मूनसीड’ हे इंग्रजी नाव वाचून कोणालाच फरक कळणार नाही. फरक खोडात आहे. गुळवेलीच्या, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या, खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने सोलली की आत हिरवं दिसतं, आणि कापल्यावर दुधी चीक येत नाही. क्रिस्पाचं खोड राखट, त्यावर ठळक गाठी-गाठी, आणि कापलं की दुधी चीक. जून गुळवेलीच्या खोडावरही बारीक ठिपके असतात, पण क्रिस्पाच्या फोडांसारख्या गाठींशी त्यांची तुलना होत नाही. फळांतही फरक आहे. गुळवेलीचं फळ गोल आणि लाल, क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी. गुळवेलीच्या पाटीवर म्हणून नावांखाली एक ओळ जास्त हवी: ‘खोड गाठाळ व चीक दुधी असेल तर ही ती वेल नव्हे.’ औषधाचं प्रमाण मात्र कोणत्याच पाटीवर लिहू नये. पाटी वाचून काढा करणाऱ्याचं वय, आजार आणि चालू औषधं पाटीला माहीत नसतात.

नावं उलट दिशेने, म्हणजे आपल्याकडून जगाकडे, कशी गेली हे पाहायचं तर नाल्याकाठच्या निरगुडीकडे पाहावं. तिचं शास्त्रीय नाव वायटेक्स निगुंडो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहत होता. त्याचा औषधांवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात एक संवाद ‘निगुंडो किंवा संबाली’ या झाडावर आहे. निगुंडो म्हणजे आपली निरगुडी, संस्कृतातली निर्गुंडी; आणि संबाली म्हणजे हिंदीतलं सम्हालू. पांढुर्ण्याच्या पाटीवर आज जी दोन नावं शेजारी यायला हवीत, ती दोन्ही साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या छापखान्यात एका मथळ्यात शेजारी आलेली आहेत. पुढे लिनियसने १७५३ साली हे नाव उचललं. त्याच ग्रंथात उत्तर अमेरिकेतल्या एका मेपल वृक्षाची पानं निरगुडीसारखी अनेक दलांची असल्यामुळे त्याचंही नाव ‘एसर निगुंडो’ असं ठेवलं गेलं. त्यामुळे अमेरिकेतल्या उद्यानांत या मेपलच्या पाटीवर आज निरगुडीचं नाव वाचायला मिळतं. निरगुडीचं इंग्रजी नाव ‘फाइव्ह-लीव्ह्ड चेस्ट ट्री’ आहे, पण पाच दलं मोजायला गेलात तर कित्येक पानांना तीनच सापडतील. म्हणून झाड चुकलं असं समजू नये.

ओर्तानंतरच्या शतकातला दुसरा मोठा प्रयत्न मलबारात झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडाची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली आहेत. नागरीतली नावं कोकणी आहेत, आणि ती सांगण्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता. एका झाडाखाली अनेक भाषांतली नावं, पण झाडाचं चित्र समोर, हीच खरी पद्धत. पाटीला चित्र लागत नाही, कारण तिच्या मागे झाडच उभं असतं.

झाड उभं असतं तोवर ठीक, असं मात्र म्हणावं लागेल. औषधी बागांत चुकीच्या पाट्या होण्याचं एक मोठं कारण नावांत नसून ऋतूंत आहे. सफेद मुसळीची पानं पावसाळा सरला की वाळून जातात आणि मुळं जमिनीत झोपतात. कडक उन्हाळ्यात शतावरीही वरून वाळल्यासारखी होते. पाटी तशीच राहते. पुढच्या पावसात तिच्या शेजारी आघाडा किंवा दुसरं काही उगवतं आणि नवा विद्यार्थी त्यालाच मुसळी समजतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पाटीवर एक छोटा क्रमांक आणि बागेच्या वहीत त्या क्रमांकापुढे झाड कुठून आणलं, कधी लावलं, कोणी ओळखलं याची नोंद. पावसाळा सुरू झाल्यावर आणि फुलोऱ्याच्या वेळी, असे दोनदा वहीतले क्रमांक झाडांशी ताडून पाहावेत. ज्याचं झाड मेलं त्याची पाटी त्याच दिवशी उपटावी. शास्त्रीय नावाबद्दल शंका असेल तर लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या powo.science.kew.org या संकेतस्थळावर जुनं नाव टाकलं की आजचं मान्य नाव दिसतं. झाडाची ओळखच पटत नसेल तर फूल-फळासह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्यावी. नुसत्या पानावरून कोणी छातीठोक सांगितलं, तर त्यावर फार भरवसा ठेवू नये.

पाटीच्या वस्तूबद्दल थोडंच सांगायचं आहे. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात छापील प्लास्टिक तडकतं आणि लाल रंग सगळ्यांत आधी उडतो, म्हणून ‘विषारी’ ही सूचना लाल अक्षरांत न लिहिता काळ्या अक्षरांत लिहून त्याला चौकट करावी. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अक्षरं कोरून घेतली तर रंग गेला तरी वाचता येतात. खिळा खोडात ठोकू नये; पाटी लोखंडी सळईवर झाडापासून हातभर अंतरावर रोवावी. शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसरा शब्द सगळा लहान अक्षरांत. रंगाऱ्याला मराठीतला ‘ळ’ आवर्जून लिहून द्यावा. हिंदी लिहायची सवय असलेल्या हाताने अडुळशाचा ‘अडुलसा’ आणि गुळवेलीची ‘गुलवेल’ सहज होते.

अडुळशाची पाटी करताना इंग्रजी नावापाशी हात अडखळेल. त्याला ‘मलबार नट’ म्हणतात, पण त्याला खायचं कवचफळ नाही आणि तो फक्त मलबारात वाढत नाही. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा. त्यातला ‘अधाटोडा’ हा तमिळ-मल्याळम शब्द, आणि त्याचा अर्थ शेळी तोंड लावत नाही तो, असा लावतात. इथल्या कुंपणाला अडुळसा लावतात तोही याच कारणाने. अशा ठिकाणी रूढ इंग्रजी नाव लिहावंच, नाहीतर इंग्रजी पुस्तकात शोधणाऱ्याला झाड सापडणार नाही; पण ते नाव झाडाचं वर्णन करतं असं समजू नये. उलट कडुलिंबासमोर ‘नीम’ आणि अश्वगंधेसमोर ‘अश्वगंधा’ असंच इंग्रजीत लिहिलं तर काही बिघडत नाही, कारण इंग्रजीने ती नावं आता स्वीकारली आहेत. अश्वगंधेला ‘इंडियन जिनसेंग’ म्हणणं मात्र टाळावं. जिनसेंगशी तिचं नातं नाही, ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली आहे.

शेवटी मराठी नाव कोणतं लिहायचं हा प्रश्न राहतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. छापील मराठी पुस्तकं बहुधा पुण्या-मुंबईच्या वापरातली नावं देतात. तिथल्या पुस्तकात टाकळा असतो. विदर्भात आणि पांढुर्णा-सौंसरमध्ये पहिल्या पावसानंतर त्याच झाडाची कोवळी पानं आणून भाजी करतात आणि तिला तरोट्याची भाजी म्हणतात. पाटी इथल्या माणसासाठी आहे, म्हणून ‘म. तरोटा’ आधी आणि ‘टाकळा’ नंतर. हिंदीत चकवड़. इंग्रजीत शेंग विळ्यासारखी वाकडी म्हणून ‘सिकलपॉड’. शास्त्रीय नाव सेन्ना टोरा. पण त्याआधी सोप्पी दिसणारी एक गोष्ट करावी: शेजारच्या गावातल्या, रानभाज्या आणणाऱ्या तीन-चार म्हाताऱ्यांना ते झाड दाखवून, काही न सुचवता, नाव विचारावं आणि त्या म्हणतील तसंच, उच्चारासकट, गावाच्या नावासह वहीत उतरवून घ्यावं.